रात्रीची खाज आणि चिकटपट्टी

लेकीला दिवसा काही नाही, पण झोपली की शीच्या जागी खाज सुटायची आणि ती रडत उठायची. शौचाच्या तपासणीत काहीच निघालं नाही. डॉक्टर म्हणाले, "जंत असले तरी यात निघत नाहीतच बऱ्याचदा." हे बारीक जंत रात्री बाहेर येऊन गुदद्वाराभोवतीच्या कातडीवर अंडी घालतात. म्हणून सकाळी उठल्या उठल्या, शी-आंघोळीआधी, तिथे पारदर्शक चिकटपट्टी दाबून काचपट्टीवर लावून दिली. अंडी सापडली.

मग डॉक्टरांनी घरातल्या सगळ्यांनाच अल्बेंडाझोल ४०० मिग्रॅचा एकेक डोस दिला, दोन आठवड्यांनी पुन्हा. औषधाने जंत मरतात, अंडी नाही, म्हणून दुसरा डोस चुकवायचा नाही. (गरोदर बाई किंवा दोन वर्षांखालचं मूल असेल तर आधी विचारा.) नखं बारीक कापली, रोज सकाळी आंघोळ घातली, चड्ड्या-चादरी गरम पाण्यात धुतल्या.

सासूबाईंनाही तिथे खाज होती, ती मात्र दिवसभर टिकायची. त्यांचं कारण साबण! नुसत्या पाण्याने धुऊन, टिपून कोरडं करून, झिंकचं मलम लावल्यावर थांबली. रक्त किंवा गाठ असेल तर घरी उपाय करत बसू नका, दाखवा.