बॉनफेरोनीने सगळंच गाळलं तेव्हा

महापेच्या आमच्या लॅबमध्ये ८००० जीन्स, प्रत्येकाची वेगळी टी-टेस्ट. इतक्या टेस्टमध्ये एकही जीन चुकून निवडला जाऊ नये म्हणून मी सवयीने बॉनफेरोनी लावला, म्हणजे ०.०५ भागिले ८०००, कटऑफ ०.००००००६२५ की ०.०००००६२५ हे शून्य मोजण्यातच चहा गार झाला (दुसरं बरोबर), आणि हाती आले फक्त २ जीन्स. मॅडम म्हणाल्या, "अरे, एकही चूक नको हा हट्ट आत्ता कशाला? पुढे परत तपासणारच आहोस ना?"

मग निवडलेल्यांत सरासरी दहा टक्क्यांपर्यंत खोटे चालवून घेणारी बेंजामिनी-हॉचबर्ग पद्धत लावली:

```python
multipletests(p, alpha=0.1, method='fdr_bh')
```

६० आले. यात पी-व्हॅल्यू लहान ते मोठी लावतात, साठाव्याची मर्यादा ६०/८००० गुणिले ०.१, म्हणजे ०.०००७५. साठातले सरासरी सहाएक खोटे निघणार, पण कुठले ते कळत नाही, म्हणून नव्या सॅम्पल्सवर फक्त त्या ६० वर बॉनफेरोनीसारखाच एकही चूक नको म्हणणारा होल्म लावला, तिथे मात्र कडकच.