१२ टक्क्यांचं कर्ज १७.६५ टक्क्यांना कसं पडतं

कंपनीच्या वित्त विभागात नवीन आलेल्या मुलांकडे मी पहिल्या आठवड्यात एक कागद सरकवतो. बँकेचा प्रस्ताव असा: कर्ज 10 लाख, मुदत एक वर्ष, व्याज 12 टक्के आणि तेही सुरुवातीलाच कापून घेणार. शिवाय कर्जाच्या 20 टक्के रक्कम वर्षभर बँकेतल्या बिनव्याजी चालू खात्यात शिल्लक ठेवायची. खरा खर्च किती?

बहुतेकांना सूत्र पाठ असतं, तरी मी ते लिहू देत नाही. आधी दोनच तारखा मांडायला लावतो. पहिल्या दिवशी 10 लाखांतून 1,20,000 व्याज गेलं, 2,00,000 खात्यात अडकले. वापरायला उरले 6,80,000. शेवटच्या दिवशी 10 लाख फेडायचे, पण अडकलेले 2 लाख सुटतात, म्हणजे खिशातून जातात 8,00,000. 6,80,000 वापरले, 8,00,000 परत केले. वरचे 1,20,000 भागिले 6,80,000, म्हणजे 17.65 टक्के. पुस्तकातलं सूत्र हेच सांगतं:

प्रभावी दर = 12 ÷ (100 − 12 − 20)

तारखा मांडण्याचा फायदा अट जरा बदलली की कळतो. समजा, त्या शिलकीवर बँक 4 टक्के व्याज देते. सूत्र पाठ करून आलेला इथे अडखळतो. तारखांवर मात्र एवढंच बदलतं की वर्षाअखेर 8,000 जास्त मिळतात, म्हणून 8,00,000 ऐवजी 7,92,000 द्यावे लागतात. दर येतो 16.47 टक्के.

आता उलटा प्रश्न. कंपनीला हातात 6,80,000 हवेत, तर अर्ज किती रकमेचा करायचा? अनेकजण 12 आणि 20 मिळून 32 टक्के वर चढवतात आणि 8,97,600 लिहितात. पण बँक कापते ती अर्जाच्या रकमेवर, गरजेच्या रकमेवर नाही. 8,97,600 मधून 32 टक्के गेले की हातात 6,10,368 पडतात, म्हणजे जवळजवळ 70 हजारांचा खड्डा. भागाकार करायला हवा: 6,80,000 ÷ 0.68 = 10,00,000. ताळा करणं सोपं आहे. आलेल्या उत्तरातून दोन्ही कपाती वजा करून गरजेची रक्कम उरते का ते पाहायचं.

मुदत तीन महिन्यांची असेल तर आणखी एक गफलत होते. 12 टक्के हा वार्षिक दर, त्यामुळे तिमाहीत कापले जातात 3 टक्के. शिलकीचे 20 टक्के मात्र 20च राहतात, कारण ती रक्कम अडकते, तिचा मुदतीशी संबंध नाही. म्हणून 3 ÷ 77, म्हणजे तिमाहीला 3.90 टक्के. चारने गुणलं तर 15.58, आणि त्याच अटींवर कर्ज वर्षभर फिरवत राहिलात तर चक्रवाढीने 16.52 टक्के. इथे सरळ 17.65 लिहिणारा वर्षभराचं व्याज तीन महिन्यांत कापून मोकळा झालेला असतो.

माझ्या मते खरी मेख याच्याही पुढे आहे. तुम्ही त्या बँकेत एरवीही काही पैसे ठेवत होतातच ना? कर्जामुळे जेवढे जास्त अडकतात तेवढाच खर्च कर्जाच्या माथी मारायचा. हा आकडा प्रस्तावात नसतो. तो गेल्या वर्षाच्या खातेउताऱ्यात शोधावा लागतो, आणि शोधायचं काय ते करारातल्या शब्दांवर ठरतं. 'कधीही अमुक रकमेच्या खाली जाता कामा नये' असं असेल तर वर्षातल्या सर्वात कमी शिलकीचा दिवस बघा. 'मासिक सरासरी' असेल तर सरासरी धरा, कारण महिन्याच्या काही दिवशी खातं खाली गेलं तरी बाकीच्या दिवसांनी ते भरून निघतं. पगार आणि देणी एकाच आठवड्यात जाणाऱ्या कंपनीत या दोन आकड्यांत भरपूर अंतर निघतं. म्हणून मी ही अट वाचल्याशिवाय गणिताला हातच लावू देत नाही.

याचा निर्णयावर काय परिणाम होतो ते बघा. दुसरी बँक 16 टक्क्यांनी साधं कर्ज देते आहे: व्याज वर्षाअखेर, शिलकीची अट नाही. खातं कोरं असेल तर पहिली बँक 17.65 ला पडते, तेव्हा दुसरी घ्यावी. पूर्ण 2 लाख आधीपासूनच खात्यात पडून असतील तर पहिली 12 ÷ 88 म्हणजे 13.64 ला पडते. बरोबरी होते ती नव्याने अडकणारी रक्कम 1,30,000 असताना, कारण तेव्हा हातात 7,50,000 येतात आणि 1,20,000 हे त्यांचे बरोबर 16 टक्के होतात. म्हणजे एरवीची शिलक 70 हजारांच्या वर असेल तर पहिली बँक, खाली असेल तर दुसरी.