पाण्याची उपमा द्या, पण पाटाची नको

कोकणातल्या मुलांना वीजप्रवाह समजावताना वाडीतला पाट हटकून तोंडात येतो. तो टाळा. पाटाचं पाणी पहिल्या माडाच्या आळ्यात जिरतं आणि शेवटच्या पोफळीपर्यंत जेमतेम पोचतं. मग मुलं ठामपणे सांगतात, एकामागोमाग जोडलेल्या दोन बल्बांपैकी पहिला जास्त उजळेल, कारण तो करंट 'पिऊन टाकतो'.

त्याऐवजी फळ्यावर पाण्याने गच्च भरलेलं, बंद नळीचं वेटोळं काढा. पंप म्हणजे सेल, अरुंद नळी म्हणजे बल्ब. पाणी कुठेच जिरत नाही, तेच फिरून पंपाकडे येतं. आता दोन सेल आणि दोन सारखे बल्ब एकसरीत जोडा. ॲमीटर पहिल्या बल्बाआधी, दोघांच्या मध्ये आणि दुसऱ्यानंतर लावून बघा: तिन्ही ठिकाणी आकडा तोच. बल्बांत खर्च होते ती ऊर्जा. प्रवाह तेवढाच राहतो. बल्ब कमी-जास्त उजळलेच तर त्यांची अदलाबदल करा. फरक बल्बाबरोबर सरकेल, जागेबरोबर नाही.

ही उपमाही एका जागी तुटते, आणि ती जागा पाठाच्या टाचणातच लिहून ठेवा. नळी कापली की पाणी सांडतं. सेलची तार कापली की काहीच सांडत नाही, सगळीकडचा प्रवाह एकदम थांबतो. "सर, प्लगच्या भोकांतून करंट गळतो का?" हा प्रश्न येणारच. तो यायच्या आधी तार सोडवून दाखवा, अर्थात सेलचीच, घरातल्या लाइनची नव्हे.