दीड मिनिटात अख्खा सोहळा: तीस शॉट निवडायचे कसे?

समजा, एका वसाहतीच्या वार्षिक सोहळ्याचं दोन तासांचं फुटेज हातात आहे. तीन जणांनी मिळून अडीचशे क्लिप काढल्या आहेत आणि व्हिडिओ हवाय दीड मिनिटाचा. एक शॉट सरासरी तीन सेकंदांचा धरला तर तीसच शॉट बसतात. अडीचशेतले तीस निवडायचे म्हटल्यावर बहुतेक जण सर्वांत देखणे तीस उचलतात आणि तिथेच फसतात. देखणे शॉट एकाच प्रकारचे असतात: रंगमंचावरचा नाच, टाळ्या, पुन्हा नाच. विसाव्या सेकंदाला बघणारा पुढे सरकतो.

म्हणून आधी सगळ्या क्लिप एकदा पाहा आणि प्रत्येकीपुढे एकच शब्द लिहा, ती काय सांगते तो. काय दिसतं ते नको, काय सांगते ते. ‘मुलगी’ असं लिहू नका, ‘धास्ती’ लिहा. ‘खुर्च्या’ नको, ‘वाट पाहणं’ लिहा. दोन तासांचं फुटेज असलं तरी शब्द दहा-बाराच निघतात: लगबग, धास्ती, कौतुक, फजिती, दमणूक, निरोप वगैरे. मग क्लिप त्या शब्दांप्रमाणे वेगवेगळ्या फोल्डरांत टाका. ‘कौतुक’मध्ये सत्तर आणि ‘फजिती’मध्ये दोनच, असं होणारच. सत्तरांतले जास्तीत जास्त चार ठेवायचे. फजितीचे दोन्ही ठेवा, कारण माईक बंद पडल्यावर निवेदकाचा झालेला चेहरा लोकांना नाचापेक्षा जास्त आठवतो. (अर्थात त्या व्यक्तीला विचारून.)

आता खरी अडचण. नाचाचे चार गट होते आणि चौघांनाही व्हिडिओत जागा हवी आहे. प्रत्येकाचा रंगमंचासमोरून घेतलेला एकेक शॉट लावला, तर पोशाख बदलतात पण बघणाऱ्याला तोच शॉट चारदा दिसतो. त्यापेक्षा चौघांत मिळून एकच नाच वाटून द्या. पहिल्या गटाची पडद्यामागची धास्ती, दुसऱ्याच्या पावलांचा क्लोजअप, तिसऱ्याची पूर्ण रचना लांबून आणि चौथ्या गटाने वाकून केलेला नमस्कार. चार शॉट, चार गट, पण गोष्ट एकाच नाचाची आणि पुढे सरकणारी. बक्षीस वाटपालाही हेच: एकाचं नाव पुकारल्यावर बदललेला चेहरा, दुसऱ्याची पायऱ्या चढायची घाई, तिसऱ्याच्या घरच्यांची उडी. हातात बक्षीस घेऊन कॅमेऱ्याकडे बघणारा शॉट एकच पुरे.

शेजारचे दोन शॉट एकाच अंतरावरून घेतलेले नसावेत. लांबचा, मग जवळचा, मग मधला अशी अदलाबदल ठेवा. शिवाय तीसही शॉट सारख्या लांबीचे नकोत. चार शॉट सहा-सहा सेकंद थांबू द्या, म्हणजे उरलेल्या 66 सेकंदांत अडीच सेकंदांचे सव्वीस बसतात. थांबायची जागा गर्दीच्या लांबच्या शॉटवर ठेवा, कारण तिथे नजरेला फिरायला वेळ लागतो. क्लोजअप दोन सेकंदांतही कळतो.

आवाजाकडे दुर्लक्ष झालं की वातावरण गेलंच. सगळं फुटेज म्यूट करून वर तयार गाणं टाकायची सवय फार. त्यात नाचणाऱ्यांची पावलं एका ठेक्यावर आणि गाणं दुसऱ्याच, हे न कळणाऱ्यालाही खटकतं. नाचाच्या भागात त्या कार्यक्रमातलाच आवाज वापरा. चारही गटांची गाणी वेगळी असणार, तेव्हा त्यांतलं एक अखंड चालू ठेवा आणि दुसऱ्या गटांच्या शॉटमध्ये ठेका चुकलेला दिसणार नाही असे तुकडे निवडा. धास्तीचा आणि नमस्काराचा शॉट म्हणूनही सोयीचा पडतो. बाकी ठिकाणी हशा, खुर्च्या सरकवल्याचा आवाज, माईकची ‘हॅलो, चेक’ हे गाण्याखाली हलकंसं राहू द्या. पुढच्या शॉटचा आवाज चित्राच्या अर्धा सेकंद आधी सुरू केला की सांधा जाणवत नाही. प्रत्येक कट ठेक्यावरच पाडू नका. दहा-बारा कटांनंतर पुढचा कधी येणार हे बघणाऱ्याला आधीच कळू लागतं.

जुळणी झाल्यावर टाइमलाइन लहान करून नुसती छोटी चित्रं ओळीने पाहा. शेजारी दोन सारखी दिसली तर एक काढा. मग सोहळ्याला नसलेल्या माणसाला एकदाच दाखवा आणि काय काय झालं ते सांगायला लावा. तो ‘नाच झाला, मग परत नाच’ असं म्हणाला तर कोणत्या फोल्डरातून जास्त उचललंय ते लगेच कळतं.

शेवटच्या दहा सेकंदांत बहुधा तीन-तीन शेवट येऊन बसतात: टाळ्या, सगळ्यांचा एकत्र फोटो आणि रिकाम्या खुर्च्या. एक ठेवा. मी खुर्च्या आवरणारे हात ठेवतो, कारण टाळ्या आधी येऊन गेलेल्या असतात. त्या शॉटवर गाणं संपवून खुर्च्यांचा आवाज दोन सेकंद तसाच वाजू द्यावा आणि मग कट.