एमआर = एमसी झालं, तरी उत्तर अजून आलेलं नसतं

एम.ए.च्या पहिल्या सत्रात सूक्ष्म अर्थशास्त्राच्या चाचणीत एका प्रश्नाला मला दहापैकी तीन गुण मिळाले. पेपर हातात आला तेव्हा पहिल्यांदा वाटलं, बेरीज चुकली असेल. बेरीज बरोबर होती, समीकरणंही बरोबर होती. मॅडमनी उत्तराभोवती गोल काढून शेजारी लिहिलं होतं, ‘इथे नफा किती?’ मी नफा काढलाच नव्हता. आता मी बी.ए.च्या मुलांना हाच भाग शिकवते आणि दर वर्षी निम्म्या वह्यांत माझीच ती चूक सापडते. म्हणून त्याच प्रकारचं एक गणित शेवटपर्यंत सोडवून दाखवते. आकडे माझे आहेत, हाताने सोडवता येतील असे घेतले आहेत.

एक मक्तेदार उत्पादक आहे. त्याच्या मालाची मागणी आणि एकूण खर्च असा:

```
P = 90 − 2Q
C = Q³/3 − 9Q² + 114Q + 50
```

Q म्हणजे दिवसाला तयार होणारे नग, P म्हणजे एका नगाची किंमत रुपयांत. शेवटचे 50 रुपये स्थिर खर्च आहेत, एकही नग केला नाही तरी ते द्यावेच लागतात. किती नग केले तर नफा सर्वांत जास्त होईल, हे काढायचं आहे, आणि त्यासाठी आधी सीमांत प्राप्ती (MR) आणि सीमांत खर्च (MC) सारखे ठेवतात.

पहिली ठेच सीमांत प्राप्तीपाशीच, म्हणजे एक नग जास्त विकल्याने प्राप्तीत जी भर पडते तिच्यापाशीच लागते. मागणीचं समीकरण समोर असतं, म्हणून मुलं त्याचाच डेरिव्हेटिव्ह काढून मोकळी होतात. आधी एकूण प्राप्ती काढायची, म्हणजे किंमत गुणिले नग: R = 90Q − 2Q². मग तिचा डेरिव्हेटिव्ह: MR = 90 − 4Q. मागणीची रेषा सरळ असेल तर सीमांत प्राप्तीची रेषा त्याच बिंदूतून निघते आणि दुप्पट वेगाने खाली येते. कारण एक नग जास्त विकायचा तर किंमत उतरवावी लागते, आणि ती आधीच्या सगळ्या नगांवरही उतरते. खर्चाच्या बाजूने एक नग जास्त केल्याने वाढणारा खर्च, म्हणजे सीमांत खर्च, MC = Q² − 18Q + 114. दोन्ही सारखे ठेवले की:

```
90 − 4Q = Q² − 18Q + 114
Q² − 14Q + 24 = 0
(Q − 2)(Q − 12) = 0
```

दोन उत्तरं आली. Q = 2 आणि Q = 12. दोन्ही ठिकाणी सीमांत प्राप्ती आणि सीमांत खर्च अगदी सारखे आहेत, हवं तर घालून बघा: 2 नगांवर दोन्ही 82, 12 नगांवर दोन्ही 42. चाचणीत मी अशाच दोन उत्तरांतलं पहिलं उचललं आणि खाली दोन रेघा मारल्या.

मॅडमनी मला काही समजावलं नाही. आलेख कागद आणि कॅल्क्युलेटर घेऊन बसवलं आणि म्हणाल्या, ‘दोन्ही आकड्यांच्या आजूबाजूचा नफा काढ.’ नफा म्हणजे प्राप्ती वजा खर्च, तो इथे −Q³/3 + 7Q² − 24Q − 50 एवढा येतो. एकही नग न करता तोटा 50. एका नगाला तोटा 67.33, दोन नगांना 72.67, तीन नगांना 68. म्हणजे मी ज्या बिंदूखाली रेघा मारल्या होत्या तो आसपासचा सर्वांत मोठा तोटा होता! कारखाना बंद ठेवला असता तरी उत्पादक त्याहून बरा राहिला असता. दुसऱ्या बाजूला 11 नगांना नफा 89.33, 12 नगांना 94, 13 नगांना 88.67. पेन्सिलीने बिंदू जोडले तेव्हा रेषा आधी खड्ड्यात उतरली, सातव्या नगाच्या जरा अलीकडे शून्याची रेघ ओलांडून वर आली आणि बारावर टेकडीचा माथा दिसला. खड्ड्याच्या तळाशी आणि टेकडीच्या माथ्यावर, दोन्हीकडे रेषा क्षणभर आडवी होते. MR = MC ही अट एवढंच सांगते की इथे रेषा आडवी आहे. तळ की माथा, हे ती सांगत नाही.

ते सांगण्याचं काम दुसऱ्या डेरिव्हेटिव्हचं. नफ्याचा पहिला डेरिव्हेटिव्ह −Q² + 14Q − 24, दुसरा −2Q + 14. त्यात 2 घातले की +10 येतात, म्हणजे तळ. 12 घातले की −10 येतात, म्हणजे माथा. एका ओळीचं काम आहे आणि पेपरात त्या ओळीला वेगळे गुण असतात.

पण ती ओळ नुसती पाठ करू नका, कारण तिच्या आत काय चाललंय ते कळलं की चिन्हाचा गोंधळ कधीच होत नाही. नफ्याचा पहिला डेरिव्हेटिव्ह म्हणजे MR − MC. त्याचा पुन्हा डेरिव्हेटिव्ह घेतला की उरतो MR चा उतार वजा MC चा उतार. तो ऋण हवा, म्हणजे दोन रेषा एकमेकींना छेदताना MC ही MR ला खालून वर छेदत गेली पाहिजे. दोन नगांपाशी MC चा उतार −14 आहे आणि MR चा −4. सीमांत खर्च सीमांत प्राप्तीपेक्षा जास्त वेगाने उतरतोय. म्हणजे तिसरा नग केला तर त्यावर खर्चापेक्षा जास्त पैसे सुटणार, मग दोनवर थांबायचं कशाला? बारापाशी MC चा उतार +6 झालेला असतो. तेरावा नग जेवढे आणेल त्यापेक्षा जास्त खाईल. वरच्या आकड्यांतही तेच दिसतं: बाराव्या नगाने नफ्यात 4.67 रुपयांची भर घातली, तेराव्याने 5.33 रुपये कमी केले.

इथे एक समज मोडायला हवा. ‘महत्तम नफ्याच्या बिंदूपाशी सीमांत खर्च वाढता असतो’ असं वाक्य बऱ्याच नोट्समध्ये असतं. पूर्ण स्पर्धेत ते खरं आहे. तिथे किंमत बाजार ठरवतो, MR ची रेषा आडवी, तिचा उतार शून्य, म्हणून MC चा उतार धन असावाच लागतो. मक्तेदारीत मात्र MR स्वतःच उतरत असते. समजा मागणी तीच, पण सीमांत खर्च 70 − 2Q आहे. तर 90 − 4Q = 70 − 2Q, म्हणजे Q = 10. सीमांत खर्च इथे चक्क उतरतो आहे, उतार −2. पण MR चा उतार −4, त्यामुळे दुसरा डेरिव्हेटिव्ह −4 + 2 = −2, ऋण. हा माथाच आहे. फक्त ‘MC वाढतोय का’ एवढं बघणारा विद्यार्थी इथे बरोबर उत्तर खोडून टाकतो. मी असं खोडलेलं उत्तर तपासलं आहे आणि फार वाईट वाटलं, कारण गणित सगळं बरोबर होतं.

आता किंमत. Q = 12 मिळाल्यावर किती तरी जण किंमत 42 लिहितात, कारण MR आणि MC दोन्ही 42 आहेत. 42 हा शेवटच्या नगाचा हिशोब आहे, गिऱ्हाईक देतं तो भाव नाही. भाव मागणीच्या समीकरणातून काढायचा: 90 − 24 = 66 रुपये. मक्तेदारीत भाव सीमांत खर्चाच्या वर राहतो, ही तफावत 24 रुपयांची आहे. आणि कोणी सवयीने पूर्ण स्पर्धेचा नियम लावून किंमत = MC असं समीकरण मांडलं, तर Q साधारण 14.3 येतो. परीक्षेच्या गणितात असा आकडा आला की मागे जाऊन बघा, बहुतेक वेळा MR च्या जागी P गेलेला असतो. 14 नगांना नफा 71.33 भरतो, 94 नाही.

एवढं झाल्यावरही एक तपासणी राहते आणि ती सगळ्यांत जास्त वेळा राहून जाते. समजा मागणी घटली आणि P = 74 − 2Q झाली. खर्च तोच. MR = 74 − 4Q, आणि MC शी सारखा केला की Q² − 14Q + 40 = 0, म्हणजे 4 आणि 10. दुसरा डेरिव्हेटिव्ह चारपाशी +6, दहापाशी −6. सगळे नियम पाळले, उत्तर 10, भाव 54 रुपये. आता नफा काढा. दहा नगांवर प्राप्ती 540, बदलता खर्च 573.33. माल विकून त्याच मालाचा बदलता खर्चही निघत नाही. 50 रुपये स्थिर खर्च धरून तोटा 83.33, आणि कारखाना बंद ठेवला तर तोटा फक्त 50. म्हणजे उत्तर Q = 0. दुसरा डेरिव्हेटिव्ह खोटं बोलला नाही. तो आसपासचा माथा दाखवतो आणि दहा हा आसपासचा माथा आहेच. पण शून्य नग हे या रेषेचं टोक आहे, तिथे रेषा आडवी नसते, म्हणून MR = MC च्या जाळ्यात ते कधी सापडत नाही. ते हाताने तपासावं लागतं.

तपासायचा सोपा मार्ग म्हणजे भाव आणि सरासरी बदलता खर्च शेजारी ठेवणं. दहा नगांवर सरासरी बदलता खर्च 57.33 आहे आणि भाव 54, म्हणून बंद. आधीच्या मागणीत बारा नगांवर तो 54 होता आणि भाव 66, म्हणून चालू.

स्थिर खर्च या सगळ्यात कुठे येतो, हे वर्गात हमखास विचारलं जातं. पहिल्या मागणीत घरमालकाने भाडं वाढवून स्थिर खर्च 50 चा 200 केला असं धरा. डेरिव्हेटिव्ह घेताना 200 गळून जातात, दोन्ही समीकरणं तशीच राहतात, उत्तर पुन्हा 12 आणि भाव 66. नफा मात्र 94 वरून उणे 56 होतो. मुलं हा उणे आकडा बघून घाबरतात आणि उत्पादन बंद करतात. पण बंद केलं तर तोटा 200. चालू ठेवलं तर 56. भाडं तर दोन्हीकडे द्यायचंच आहे, त्यामुळे भाडेकरार संपेपर्यंत तो बाराच नग काढत राहील, आणि करार संपायच्या दिवशी हाच हिशोब भाडं बदलत्या खर्चात धरून नव्याने मांडेल.