लस घेतली, आता पाण्याचं काय बघायचं? हॉस्टेलला जाताना या चुका टाळा

गेल्या वर्षी जूनअखेर माझा भाचा जळगावहून इंदूरला शिकायला आला. भंवरकुआं भागातल्या एका खासगी हॉस्टेलमध्ये खोली घेतली. मी रामबागेत राहते, बावीस वर्षं पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम केलंय, त्यामुळे बहिणीने आधीच विचारून घेतलं होतं आणि मेच्या मध्याला त्याला टायफॉइडची लस दिली होती. ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यात त्याचा फोन आला, "मावशी, चार दिवस झाले, ताप उतरतच नाहीये. पण मला टायफॉइड कसा होईल? लस घेतलीय ना."

आणखी खूप घरांत हीच समजूत असते, म्हणून त्याच्या बाबतीत काय झालं ते सविस्तर लिहिते.

लहानपणीची लस अजून चालू आहे असं धरणं

आज अठरा-एकोणीस वर्षांची मुलं लहान होती तेव्हा वयाच्या दोन वर्षांनंतर जी टायफॉइडची लस मिळायची, ती बहुधा जुन्या प्रकारची, म्हणजे नुसती 'व्हीआय पॉलिसॅकराइड' असायची. तिचा असर साधारण तीन वर्षांचा, म्हणून दर तीन वर्षांनी परत घ्यावी लागते. कार्डावर ती एकदाच दिसत असेल तर ती केव्हाच संपली. आता मिळते ती 'कॉन्ज्युगेट', डॉक्टर तिला टीसीव्ही म्हणतात. तिचा एकच डोस दंडावर देतात आणि संरक्षण त्याहून बरंच जास्त टिकतं. घरातलं लसीकरणाचं कार्ड काढून दोन्हीतलं कोणतं नाव लिहिलंय ते बघा. कार्डच नसेल तर लस झालेली नाही असं समजून डॉक्टरांना विचारा.

वेळेची चूकही इथेच होते. ट्रेनच्या आदल्या दिवशी लस टोचून घेतात. शरीराला तयारी करायला निदान दोन आठवडे लागतात, आणि हॉस्टेलचे पहिले दोन आठवडेच सगळ्यात निष्काळजी असतात: मेस लागलेली नसते, बाहेरचं खाणं रोज असतं, पाणी मिळेल तिथलं प्यायलं जातं. महिनाभर आधी लस उरकलेली बरी. त्या दिवशी ताप असेल तर थांबा, तो उतरल्यावर घ्या.

ऐंशीला शंभर समजणं

टीसीव्हीच्या चाचण्या नेपाळ, बांगलादेश आणि मलावीमध्ये मुलांवर झाल्या. टायफॉइडपासून संरक्षण साधारण 80 टक्क्यांच्या घरात आलं. याचा अर्थ असा, की लस नसती तर दहा जणांना टायफॉइड झाला असता, त्यातले आठ वाचले आणि दोघांना झालाच. ही उत्तम लस आहे. नवी मुंबई महापालिकेने 2018 मध्ये मुलांसाठी मोठी मोहीमही राबवली होती. पण पाण्यातून जंतू खूप मोठ्या संख्येने पोटात गेले तर उरलेल्या दोघांत आपला नंबर लागू शकतो.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. ही लस फक्त 'साल्मोनेला टायफी' या एका जंतूवर चालते. त्याचा भाऊ 'पॅराटायफी ए' अगदी तसाच ताप आणतो, पण लस ज्या आवरणाला ओळखते ते आवरणच त्याच्या अंगावर नसतं. कावीळ आणणारे हिपॅटायटिस ए आणि ई, जुलाब लावणारे बाकीचे सगळे जंतू, हेही त्याच पाण्यातून येतात आणि या लसीला त्यांचं काही देणंघेणं नाही.

शहर स्वच्छ, म्हणून नळ स्वच्छ

इंदूर 2017 पासून देशात स्वच्छतेत पहिलं येत गेलं याचा आम्हाला अभिमान आहे. पण कचरा उचलणं वेगळं आणि जमिनीखालची पाइपलाइन वेगळी. जलूदहून नर्मदेचं पाणी शुद्ध होऊन येतं, पुष्कळ वस्त्यांत मात्र ते रोज न येता एक दिवसाआड येतं. पाणी बंद असतं तेव्हा पाइपमधला दाब पडतो, आणि शेजारून ड्रेनेजची लाइन गळत असेल तर घाण पाणी सांध्यातून आत ओढलं जातं. 2025 च्या डिसेंबरअखेर भागीरथपुऱ्यात पिण्याच्या पाण्यात सांडपाणी मिसळलं आणि माणसं दगावली, ती याच शहरात.

हॉस्टेलमध्ये या सगळ्यावर आणखी एक टप्पा असतो: खालचा हौद आणि वरची टाकी. भाच्याला बरं वाटल्यावर मी तिथे गेले, लॅबमधली क्लोरीन तपासायची बाटली घेऊन. तळमजल्यावर पिण्याचं पाणी आरओ लावलेल्या कूलरमधून यायचं, वर बाथरूमच्या नळाला टाकीचं पाणी. चाचणीच्या नळीत दोन्हींचे नमुने घेऊन त्यात थेंब टाकले. पाण्यात क्लोरीन उरलेलं असेल तर ते पिवळं होतं, आणि नळाला लिटरमागे निदान 0.2 मिलिग्रॅम तरी दिसायला हवं. नळाचं पाणी जसं होतं तसंच राहिलं. म्हणजे टाकीत पोहोचेपर्यंत क्लोरीन संपलेलं होतं, आणि त्यानंतर टाकीत जे पडेल त्याला अडवणारं काही नव्हतं. मुलं याच पाण्याने चूळ भरत, ब्रश धूत, रात्री कूलर बंद असला की तेच पीत.

कूलरचं पाणीही पिवळं झालं नाही, पण ते अपेक्षितच होतं, कारण आरओमधला कार्बन क्लोरीन काढूनच टाकतो. नव्या, सांभाळलेल्या आरओतून जंतू येत नाहीत. अडचण पुढे असते. क्लोरीन गेलेलं पाणी स्टीलच्या टाकीत तासन् तास साठतं, आणि ती टाकी शेवटची कधी धुतली ते कोणालाच माहीत नसतं. मशीनवर सर्व्हिसची चिठ्ठी चिकटवलेली होती, तारीख दीड वर्षापूर्वीची.

भाच्याने मला अगदी खात्रीने सांगितलं होतं, "मावशी, टीडीएस 70 आहे, मीटरने बघितलंय." हा मीटर पाण्यात विरघळलेले क्षार मोजतो. जंतू तो बघतच नाही. ग्लासभर पाण्यात लाखभर जंतू असले तरी आकडा हलणार नाही.

मग पाण्याचं करायचं काय?

उकळणं. अजूनही याच्याइतका खात्रीचा उपाय नाही. पाण्याला खळखळून उकळी फुटली की एक मिनिट पुरे, वीस मिनिटं आटवायची गरज नाही. हॉस्टेलमध्ये परवानगी असेल तर दीड लिटरची इलेक्ट्रिक केटल घ्या. ती उकळी आल्यावर आपोआप बंद होते, तेवढ्याने टायफॉइडचा जंतू मरतो. चूक होते ती त्यानंतर. पाणी गार करायला उघड्या पातेल्यात ओततात, मग त्यात ग्लास बुडवतात, आणि ग्लासाबरोबर बोटंही बुडतात. केटलमध्येच झाकण लावून गार होऊ द्या आणि थेट अरुंद तोंडाच्या बाटलीत ओता. बाटली रोज साबणाने धुवा, बुचासकट.

केटल चालत नसेल तर क्लोरीनच्या गोळ्या केमिस्टकडे मिळतात. किती लिटरला एक गोळी ते पाकिटावर असतं, ते वाचूनच टाका, कारण गोळ्या वेगवेगळ्या ताकदीच्या असतात. गोळी टाकल्यावर अर्धा तास थांबा. गढूळ पाण्यात गोळीचा असर कमी होतो, म्हणून आधी स्वच्छ कापडातून गाळून घ्या.

बर्फ ही वेगळी चूक नाही, पाण्याचीच आहे. गोठल्याने हा जंतू मरत नाही. शिकंजी आणि उसाचा रस बिनबर्फाचा मागा.

हाताचं

टायफॉइडचा जंतू माणसांतच राहतो आणि विष्ठेतून बाहेर पडतो. बरं झालेली काही माणसं महिनोन् महिने, क्वचित वर्षानुवर्षं तो बाहेर टाकत राहतात, आणि त्यांना स्वतःला काहीच होत नाही. असा एक माणूस मेसमध्ये वाढायला असला की पाणी कितीही शुद्ध असो, उपयोग नाही. म्हणून गरम असतानाच खा. सकाळी गाडीवरचे पोहे वाफेवर ठेवलेले असतात, त्यांची काळजी नाही. त्यावर ओल्या हाताने भुरभुरलेला कच्चा कांदा आणि कोथिंबीर नको म्हणा, शेव-जिरावण चालेल. पानी-पताश्यांत विक्रेत्याचा हात दर वेळी पाण्यात बुडतो, ते मात्र मी कोणालाच खाऊ देणार नाही.

हॉस्टेलच्या संडासात साबण नसतो असं गृहीत धरा. लिक्विड सोपची छोटी बाटली दाराला अडकवलेल्या पिशवीत ठेवा आणि जाताना बरोबर न्या. खोलीत राहिलेला साबण कोणी परत जाऊन आणत नाही.

ताप आल्यावरची सगळ्यात महाग चूक

भाच्याच्या रूममेटकडे अझिथ्रोमायसिनच्या उरलेल्या तीन गोळ्या होत्या. फोनवर मी पहिलं हेच विचारलं, "घेतल्यास का?" नव्हत्या घेतल्या, आणि त्यामुळेच पुढचं सगळं सोपं झालं.

चार दिवसांचा ताप, रोज थोडा वर चढणारा, डोकं जड, भूक गेलेली, पोट बंद. त्याच संध्याकाळी डॉक्टरांना दाखवून त्यांच्या चिठ्ठीवर ब्लड कल्चर घेतलं, म्हणजे रक्तातला जंतू लॅबमध्ये उगवून बघायची तपासणी. दहा मिली रक्त, अँटिबायोटिक सुरू करायच्या आधी. दोन गोळ्या जरी आधी पोटात गेल्या तरी जंतू कल्चरमध्ये उगवेनासा होतो, आणि मग नक्की काय झालंय आणि कोणतं औषध लागू पडेल हे कळायची वाट बंद होते. तसंच ऑगस्ट आहे, म्हणून डेंग्यू आणि मलेरियाच्याही तपासण्या केल्या. दोन्ही निगेटिव्ह आल्या.

हॉस्टेलजवळच्या लॅबने त्याआधी विडाल ही टायफॉइडची झटपट रक्ततपासणी केली होती, 'पॉझिटिव्ह' म्हणून. त्यावर भरवसा ठेवू नका. आपल्या भागात या जंतूंशी पूर्वी गाठ पडलेल्या निरोगी माणसांतही विडाल थोडी वर दिसते, आणि खऱ्या टायफॉइडमध्ये पहिल्या आठवड्यात ती निगेटिव्हही येऊ शकते.

दुसऱ्या दिवशी रात्री कल्चरच्या मशीनने जंतू उगवल्याचा इशारा दिला. उगवला तो पॅराटायफी ए. लसीने आपलं काम चुकवलं नव्हतं, हा जंतू तिच्या हद्दीतलाच नव्हता. रिपोर्टमध्ये सिप्रोफ्लॉक्सासिनला दाद न देणारा, सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन आणि अझिथ्रोमायसिनला देणारा असं आलं, आणि डॉक्टरांनी त्यानुसार औषध ठरवलं. ताप औषधाच्या पाचव्या दिवशी उतरला. बहीण घाबरली होती, "औषध सुरू होऊन तीन दिवस झाले, अजून 101 कसा?" योग्य औषधावरही चार-सहा दिवस लागतात. आणि ताप उतरला म्हणून कोर्स मध्येच सोडला तर तो उलटतो.

पोटात अचानक जोरात दुखणं, काळी शी, सतत उलट्या, किंवा मूल गुंगीत बडबडायला लागणं, यातलं काहीही दिसलं तर हॉस्टेलवर थांबू नका, थेट दवाखान्यात भरती करा. आतड्याला भोक पडण्याचा धोका दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात असतो, म्हणजे घरगुती उपाय करत दिवस काढले की नेमका तेव्हाच.

आम्ही हॉस्टेलच्या मालकांना क्लोरीनची नळी दाखवली. टाकी रिकामी करून धुतली तेव्हा तळाशी चार बोटं गाळ होता आणि झाकणाचा एक कोपरा तुटलेला होता. आता टाकी दर तीन महिन्यांनी धुतात आणि तारीख भिंतीवर लिहितात.

यंदा जूनमध्ये भाची येतेय. तिची टीसीव्ही मेच्या पहिल्या आठवड्यात झाली, कार्डाचा फोटो तिच्या फोनमध्ये आहे. बॅगेत केटल, दोन अरुंद तोंडाच्या स्टीलच्या बाटल्या, साबणाची पिशवी आणि थर्मामीटर ठेवलाय. अँटिबायोटिकची एकही गोळी ठेवलेली नाही.