या चुका टाळा: वही एक बाकी सांगते, ॲप दुसरी

गोव्यात साखळीच्या बाजारापासून थोडं आत आमचा किराणा मालाचा पसरा आहे. उधारीवर नेणारी घरं साठेक. वडिलांच्या वेळची लांब वही अजून गल्ल्याशेजारी असते, आणि मुलाने फोनवर उधारीचं ॲप घातल्यापासून तेही चालू आहे. दिवसा वहीत मांडायचं, रात्री दुकान बंद केल्यावर ॲपमध्ये चढवायचं, असा आमचा शिरस्ता.

वही बरी की ॲप बरं, हा वाद मी घालत नाही. दोन्ही ठेवणाऱ्याची खरी डोकेदुखी वेगळीच असते. महिनाअखेरीला वही एक बाकी सांगते आणि ॲप दुसरी. अशा वेळी बहुतेक जण दोनपैकी एक चूक करतात. ॲप मशीन आहे, ते चुकणार नाही म्हणून ॲपचा आकडा धरतात. नाहीतर दोन्हींच्या मधला आकडा गिऱ्हाइकाला सांगून मोकळे होतात. पण फरकाच्या आकड्यातच चूक कुठे आहे ते बहुतेक वेळा लिहिलेलं असतं. एक खातं उघडून दाखवतो.

गणेश चवथीच्या महिन्यातलं, आम्ही काकी म्हणतो त्या एका जुन्या गिऱ्हाइकाचं खातं. वहीत असं होतं:

मागील बाकी १,२४०
ता. २, नावे ३८५
ता. ६, नावे ६४०
ता. ९, जमा ५००
ता. ११, नावे १,८६० (चवथीचं सामान)
ता. १४, नावे २७०
ता. १८, नावे ४१५
ता. २५, नावे ५३०

वहीची बाकी ४,८४०. ॲप म्हणत होतं ५,६६०. फरक ८२०.

आधी शेवटची बाकी ताडून पाहू नका

मीही पहिल्यांदा तेच केलं. ८२० ची एखादी नोंद शोधत बसलो. तशी नोंदच नव्हती. असावी कशी? दोन चुका एकमेकींत मिसळल्या की फरकाचा आकडा सहसा कुठल्याच नोंदीशी जुळत नाही.

म्हणून बाकीकडे न बघता नावेची बेरीज वेगळी आणि जमेची वेगळी काढायची. वहीत मागील बाकी धरून नावे ५,३४० आणि जमा ५००. ॲपमध्ये नावे ५,६६० आणि जमा शून्य. म्हणजे ता. ९ चे ५०० रुपये ॲपमध्ये जमा बाजूला आलेच नव्हते. वर जाऊन पाहिलं तर त्या तारखेला ५०० ची नोंद होती, पण लाल रंगात.

आमच्या ॲपमध्ये खाली दोन बटणं असतात, `You Gave` आणि `You Got`. पहिलं लाल, दुसरं हिरवं. हे बोलणं दुकानदाराच्या बाजूचं आहे: माल दिला तर `You Gave`, म्हणजे आपलं ‘नावे’, पैसे आले तर `You Got`, म्हणजे ‘जमा’. वहीत वाढलेल्या माणसाला हे लगेच कळतं. सुट्टीत मदतीला बसलेला भाचा मात्र बटण गिऱ्हाइकाच्या बाजूने वाचतो. काकींनी पाचशे दिले, म्हणून ‘दिले’ दाबलं, असं त्याचं म्हणणं. त्याच्या जागी तेही बरोबरच! त्या दिवसापासून मी फोनच्या मागे कागद चिकटवला आहे: लाल नावे, हिरवं जमा.

उलट बाजूला गेलेल्या नोंदीने बाकी दुप्पट रकमेने हलते. ५०० कमी व्हायला हवे होते, ते झाले नाहीत. वर आणखी ५०० चढले. एकूण १,००० चा फरक. म्हणून एखाद्या खात्यात एकच चूक असावी असं वाटलं, तर फरकाचा निम्मा करून त्या रकमेची नोंद शोधावी. ती सापडली तर बाजू बघा.

आणि दुरुस्त करताना पुढची चूक होते. ५०० उलटे गेले म्हणून माणूस ५०० ची एक हिरवी नोंद टाकतो आणि झालं असं समजतो. त्याने फक्त चुकीची लाल नोंद पुसली जाते, गिऱ्हाइकाने दिलेले पैसे अजून जमेला लागलेलेच नसतात. एक तर चुकीची नोंद उघडून काढून टाका आणि ५०० नव्याने हिरव्यात घाला, नाहीतर ती राहू देऊन १,००० हिरव्यात घाला. मी पहिला मार्ग धरतो. गिऱ्हाइकाला दर नोंदीचा मेसेज जात असेल तर १,००० चा मेसेज बघून त्याचा आणखी गोंधळ उडतो.

नऊने भाग जातो का ते बघा

एवढं केल्यावर ॲपची बाकी ४,६६० झाली. वहीशी फरक राहिला १८०. पुन्हा आधी ९० ची नोंद शोधली, उलट बाजूला गेली असेल म्हणून. नव्हती. १८० ची नोंद राहून गेली असेल म्हटलं, तर तीही नव्हती.

मग नऊने भागून बघायचं. १८० भागिले ९, बरोबर २०. शेजारचे दोन आकडे अदलाबदल झाले की येणाऱ्या फरकाला नेहमी नऊने भाग जातो. ही युक्ती वडिलांची, आणि ॲपलाही ती तशीच लागू पडते, कारण आकडे दाबणारी बोटं आपलीच. भागाकार २० आला याचा अर्थ अदलाबदल दहम आणि शतकाच्या जागी झाली आहे, आणि त्या दोन आकड्यांत दोनाचं अंतर आहे. ॲपचा आकडा कमी होता, तेव्हा वहीतल्या नोंदीत शतकाचा आकडा मोठा असणार. अशा नोंदी तीनच: ६४०, १,८६० आणि ५३०. सगळं खातं वाचायची गरज नाही. ॲपमध्ये या तीन बघितल्या आणि १,८६० च्या जागी १,६८० सापडले.

उलटही होऊ शकतं. कधी वहीतच आकडा घाईत चुकतो आणि ॲप बरोबर असतं. म्हणून मोठ्या खरेदीचं टिपण, म्हणजे मालाची यादी केलेला कागद, मी महिना संपेपर्यंत तारेला टोचून ठेवतो. त्या दिवशीचं टिपण होतं: रवा, मैदा, गूळ, तेल, चण्याची डाळ, अगरबत्ती, कापूर. बेरीज १,८६०. वही बरोबर.

फरक एखाद्या नोंदीएवढाच निघाला तर ती एकीकडे राहून गेली आहे किंवा दुसरीकडे दोनदा चढली आहे. दोनदा चढण्याचं आमच्याकडचं कारण ठरलेलं: गल्ल्यावर मुलाने फोनवर टाकलेलं असतं आणि रात्री मी वहीतून पुन्हा चढवतो. यावर उपाय साधा. ॲपमध्ये चढवलेल्या प्रत्येक ओळीवर वहीत लाल पेनाने बरोबरची खूण करायची, आणि चढवायचं काम एकाच माणसाचं. खूण नसलेली ओळ म्हणजे राहिलेली ओळ. आणि रात्री चढवताना ॲप आपोआप आजची तारीख घेतं. काल मांडलेलं आज चढवत असाल तर तारीख बदला, नाहीतर ‘मी त्या दिवशी आलोच नव्हतो’ हे ऐकावं लागतं.

दोन्ही जुळले म्हणून खातं बरोबर समजू नका

आता वही ४,८४०, ॲप ४,८४०. मी समाधानाने काकींना बाकी सांगितली. त्या म्हणाल्या, “बाब, चवथीनंतर मुलीने हजार घातले होते ना फोनवरून? ते कुठे गेले?”

ते कुठेच गेले नव्हते. बँकेत सुखरूप होते. फक्त वहीतही नव्हते आणि ॲपमध्येही नव्हते. ॲप वहीतूनच भरतो, तेव्हा वहीत जे राहिलं ते ॲपमध्येही राहणारच. दोन्ही जुळतात याचा अर्थ चढवताना चूक झाली नाही, एवढाच.

उधारीचं ॲप आणि पैसे येणारा क्यूआर कोड एकाच कंपनीचे नसतील, तर यूपीआयने आलेली रक्कम खात्यात आपोआप जमा होत नाही. आवाज देणारा डबा ‘एक हजार रुपये मिळाले’ म्हणतो, समोर चार माणसं उभी असतात, आणि ऐकून सोडलं जातं. त्यात पैसे मुलीच्या फोनवरून आलेले, म्हणजे यादीत दिसणारं नाव खात्यावरच्या नावाचं नाही. नगदी विक्रीतलंच काही असेल असं समजून मीही पुढे गेलो होतो.

आता रात्री वहीच्या आधी यूपीआयची दिवसभराची यादी उघडतो. गोल रकमा आधी बघतो, पाचशे, हजार, दोन हजार. किराणा मालाचं बिल सहसा गोल येत नाही, उधारी फेडणारा मात्र गोल आकडाच पाठवतो. अशी रक्कम कोणाची ते त्याच रात्री विचारलं तर माणसाला आठवतं, महिन्याने नाही.

शोधून पाहिल्यावर ता. २० ला ते हजार सापडले. दोन्हीकडे जमा केले. खरी बाकी ३,८४०.

वहीवरची सही सोडू नका

ॲप आलं म्हणून काही दुकानदारांनी वही बंद केली. बेरजेपुरतं आणि आठवणीचा मेसेज पाठवण्यापुरतं ते चालेल, पण मोठ्या बाकीसाठी मी तसं करणार नाही. मुदत न ठरवता उधार दिलेल्या मालाचे पैसे दाव्याने मागायला मुदत कायदा १९६३ प्रमाणे माल दिल्यापासून ३ वर्षं मिळतात. ती संपण्याआधी गिऱ्हाइकाने बाकी मान्य असल्याचं लिहून सही केली, तर त्या दिवसापासून ३ वर्षं नव्याने मोजतात. आपण पाठवलेल्या मेसेजवर त्याची सही नसते. शिवाय भारतीय साक्ष्य अधिनियम २०२३ च्या कलम २८ प्रमाणे नियमित ठेवलेलं खातं, कागदावरचं असो वा फोनवरचं, पुराव्यात येतं. पण नुसत्या त्या नोंदींवर कोणाला देणेकरी ठरवता येत नाही.

किराणा उधारीसाठी कोर्टात कोण जातं म्हणा! सहीचा रोजचा उपयोग वेगळा आहे. दर महिन्याला बाकीच्या खाली सही झाली, की पुढच्या भांडणाला फक्त त्या महिन्याच्या सात-आठ ओळी उरतात.

काकींनी ३,८४० च्या खाली सही केली. मी पानाच्या वरच्या कोपऱ्यात, त्यांच्या नावाशेजारी, मुलीचं नाव आणि तिच्या फोन नंबरचे शेवटचे चार आकडे लिहून ठेवले.